व्होडका ‘न्यूट्रल’ म्हणजे नेमकं काय, आणि मग एकीची चव दुसरीसारखी का लागत नाही

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्याच वेळी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा एक नवा प्रकार आणला, धान्यापासून बनवलेली दारू. तेव्हापासून ‘ग्रेन’ हा शब्द लोकांच्या तोंडी फार यायला लागला आहे. दिवाळीत आमचे भाऊजी नागपूरला आले, गच्चीवर बसलो होतो, आणि त्यांनी मला सरळ विचारलं, “तू तर डिस्टिलरीच्या लॅबमध्ये होतास ना, मग मले एक सांग. व्होडकाले तुम्ही न्यूट्रल म्हणता, चव नाही, वास नाही, रंग नाही. मग ते तांदळाच्या कनकीपासून केलं काय अन् मळीपासून केलं काय, फरक काऊन पडते?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी विदर्भातल्या एका धान्याच्या डिस्टिलरीत क्वालिटी लॅबमध्ये सात वर्षं काम केलं, आणि हा प्रश्न मला तिथं रोज दिसायचा, सॅम्पलच्या बाटलीत. त्या रात्री भाऊजींना जे सांगितलं तेच इथं नीट लिहितो, आणि शेवटी आम्ही घरी एक टेस्ट केली तिचं काय झालं तेही.

## ‘न्यूट्रल’ हे चवीचं नाव नाही

व्होडका बनते ज्या स्पिरिटपासून त्याला आपल्याकडे ईएनए म्हणतात, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. म्हणजे धान्य, मळी, बटाटे, जे काही असेल ते आंबवून, मग वाफेनं इतकं वर नेलेलं अल्कोहोल की ते जवळपास 96 टक्के होतं आणि कच्च्या मालाची ओळख त्यात शोधून काढावी लागते. पुढे सगळीकडे मी ईएनए एवढंच लिहीन.

‘न्यूट्रल’ हा शब्द मुळात या प्रक्रियेबद्दल आहे, किती टक्क्यांपर्यंत नेलं याबद्दल. अमेरिकेत 95 टक्के किंवा त्याच्या वर डिस्टिल केलं की ते न्यूट्रल स्पिरिट. तिथल्या नियमात कितीतरी वर्षं असंही लिहिलेलं होतं की व्होडकाला वेगळं व्यक्तित्व, वास, चव, रंग असता कामा नये. 2020 मध्ये तिथल्या टीटीबी या खात्यानं ते वाक्यच काढून टाकलं, कारण बाजारात ज्या व्होडका आहेत त्यांची चव एकमेकींपेक्षा वेगळी लागते हे उघड होतं. युरोपचा कायदा तर सुरुवातीपासून जास्त प्रामाणिक आहे. तो म्हणतो की कच्च्या मालाचे आणि आंबवताना तयार झालेल्या गोष्टींचे चव-वास ‘निवडून कमी केलेले’ असावेत. कमी केलेले म्हणतो, संपवलेले नाही म्हणत.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे अल्कोहोललाच स्वतःची चव आहे. थोडं गोड, थोडं कडू, आणि झणझणीत. आपल्या तोंडात गरम ओळखणारे जे रिसेप्टर असतात, ज्यांना मिरची लागली की सावजी रस्सा खाताना आग होते, त्याच रिसेप्टरना अल्कोहोल चेतवतं. एरवी ते साधारण 42 डिग्रीला पेटतात, अल्कोहोल असलं की 34 च्या आसपासच पेटायला लागतात, म्हणजे आपल्या अंगाच्या नेहमीच्या उष्णतेलाच. म्हणून थंडगार व्होडकासुद्धा घशात ‘जळते’. त्यामुळे शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल आणि शुद्ध पाणी मिसळलं तरी ते बेचव होणार नाही.

## कॉलममध्ये काय होतं, तर्री पाहून समजून घ्या

यीस्टला साखर दिली की ते इथेनॉल बनवतं, पण फक्त इथेनॉल नाही. सोबत ॲसिटाल्डिहाइड, एस्टर, थोडं मिथेनॉल, आणि जड अल्कोहोल, ज्यांना मिळून फ्युजेल ऑइल म्हणतात. दारूचा जो ‘दारूसारखा’ वास येतो तो बराचसा यांचा. डिस्टिलरीचं सगळं काम म्हणजे यांना इथेनॉलपासून वेगळं करणं.

सगळ्यांना वाटतं की हलकं आधी उकळतं, जड नंतर, संपला विषय. पण खरा खेळ वेगळा आहे आणि मला तो शिकल्यावर खूप आवडला होता. ईएनएच्या प्लांटमध्ये कॉलम असतात, म्हणजे उंच नळकांडी, ज्यांत वाफ खालून वर चढते. त्यातला एक कॉलम असा असतो की ज्यात स्पिरिटमध्ये मुद्दाम भरपूर पाणी घालतात. ऐकायला विचित्र वाटतं, आपल्याला अल्कोहोल वाढवायचंय आणि हे लोक पाणी घालताहेत. पण तर्री-पोह्यावरची तर्री आठवा. रस्सा घट्ट असतो तोवर तेल त्यात मुरलेलं असतं, त्यात गरम पाणी ओतलं की तेल वर येऊन लाल थर धरतं. फ्युजेल ऑइलचे रेणू लांब शेपटीचे, त्यांना पाणी आवडत नाही. इथेनॉल भरपूर असेल तर ते त्यात आरामात बसतात, पाणी वाढलं की त्यांना बसवत नाही, आणि मग स्वतःचा उत्कलनबिंदू इथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त असूनसुद्धा ते वाफेसोबत वर पळतात. वरून त्यांना काढून घेतात, आणि खाली इथेनॉल पाण्यासोबत राहतं. मग पुढच्या कॉलममध्ये ते पाणी काढून इथेनॉल 96 पर्यंत चढवतात.

शंभर का नाही, तर त्या वळणावर पाणी आणि इथेनॉलची जोडी फुटत नाही. साधारण 97 टक्क्यांजवळ वाफेतलं प्रमाण आणि खालच्या द्रवातलं प्रमाण एकच होतं, म्हणून कितीही उकळा, पुढे काही वेगळं होत नाही. ते उरलेले तीन-चार टक्के पाणी म्हणजे कोणाचा निष्काळजीपणा नाही, ती निसर्गानं आखलेली रेघ आहे.

मिथेनॉल मात्र शहाणं आहे, ते पाण्याच्या या युक्तीला भीक घालत नाही, त्याला वेगळा कॉलम लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे कोळशाच्या वेळी कामाला येईल.

## इतकं धुतल्यावर उरतं किती

युरोपच्या नियमात शेतमालाच्या ईएनएला जड अल्कोहोलची मर्यादा आहे, शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे अर्धा ग्रॅम. म्हणजे लिटरमागे 5 मिलिग्रॅम. आपल्याकडची व्होडका साधारण 42.8 टक्क्यांची असते, तर तिच्या एक लिटरमध्ये फार झालं तर दोनेक मिलिग्रॅम. माल्ट व्हिस्कीत हेच शेकडो पटींनी जास्त असतं आणि तिथं ते हवंच असतं, तीच तिची चव आहे.

मग भाऊजी म्हणाले, “दोन मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही ना बे.” वजनानं काहीच नाही, बरोबर. पण नाक वजन करत नाही. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन, तो एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाला कळतो. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे ‘जवळपास शून्य’ हे मशीनचं मत आहे, नाकाचं वेगळं असू शकतं. न्यूट्रलची सगळी भानगड या दोन मतांमधल्या फटीत आहे.

## पावसाळ्यातल्या मक्याची गोष्ट

हे मला पुस्तकातून नाही, एका बॅचनं शिकवलं. आमच्याकडे दोन कच्चे माल होते. एक कनकी, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून येणारा तुटका तांदूळ, आणि दुसरा मका. ऑगस्टमध्ये मक्याचा एक ट्रक आला, वरचे पोते कोरडे, खालचे दमट. बुरशी दिसेल इतकी नव्हती, वेगळा काढला असता तर बरं झालं असतं, पण तो दळायला गेला.

चार दिवसांनी ईएनएचं सॅम्पल माझ्या टेबलावर. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे त्यात कोणता रेणू किती हे मोजणारं मशीन, त्यात सगळं स्वच्छ. मग परमँगनेट टेस्ट. ही जुनी आणि सुंदर टेस्ट आहे. स्पिरिटमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकायचे, गुलाबी होतं, आणि घड्याळ लावायचं. अशुद्धी असेल तर ती परमँगनेटला खाऊन टाकते आणि रंग गुलाबीचा पिवळसर होत जातो. चांगला ईएनए अर्धा तास आणि त्याहून जास्त गुलाबी राहतो. या सॅम्पलनं तोही पेपर पास केला.

मग मी ते पाणी घालून वीस टक्क्यांवर आणलं, ग्लास तळहातानं झाकून हलवला आणि वास घेतला. ओला बारदाना. अगदी स्पष्ट. इतवारीतल्या धान्याच्या गल्लीत जुलैत शटर उघडल्यावर जसा वास येतो तसा. सीनियरना दिला, ते एकच शब्द बोलले, “मका.” दमट धान्यावर वाढणारे काही सूक्ष्मजीव जिओस्मिन बनवतात, आणि जिओस्मिन हा पाण्याला नाक मुरडणारा, तर्रीसारखा वर येणारा रेणू, बहुतेक वरून निघून गेला असला तरी त्याचा किंचितसा अंश कॉलमांना चुकवून आला होता. मशीनला तो दिसत नव्हता कारण तो मशीनच्या मर्यादेच्या खाली होता. नाकाच्या मर्यादेच्या वर होता.

हे झालं दोषाचं उदाहरण, पण गुणही याच वाटेनं येतात. गव्हाची व्होडका थोडी मऊ आणि गोडसर लागते, राय नावाच्या धान्याची किंचित मिरीसारखी तिखट, बटाट्याची जिभेवर जाडसर, मक्याची जास्त गोड. प्रत्येक धान्याचं तेल वेगळं, प्रथिनं वेगळी, त्यावर यीस्ट वेगळं वागतं, आणि कॉलमला चकवा देऊन येणारे दोन-चार रेणू वेगळे. मळीच्या ईएनएमध्ये मला स्वतःला कधी कधी जळक्या साखरेची आणि किंचित गंधकाची सावली लागते. कनकीचा ईएनए त्यापेक्षा खूपच शांत, भाताच्या पेजेसारखा सौम्य. हे माझं नाक आहे, तुमचं वेगळं असू शकतं, पण फरक काल्पनिक नाही.

शिवाय काही कंपन्या हा फरक मुद्दाम ठेवतात. नेदरलँड्समधल्या स्कीडामची केटल वन घ्या, तिच्यात कॉलममधल्या गव्हाच्या स्पिरिटसोबत तांब्याच्या भांड्यात काढलेलं स्पिरिट मिसळतात. भांड्यातल्या स्पिरिटमध्ये धान्याची ओळख जास्त राहते. म्हणजे आधी सगळं पांढरं करायचं आणि मग हवा तेवढा रंग परत द्यायचा. पोलंडची बेल्वेडेर रायची, फ्रान्सची ग्रे गूज हिवाळी गव्हाची, स्वीडनची ॲब्सोल्यूटही हिवाळी गव्हाची, सिरॉक द्राक्षांची. 2008 मध्ये युरोपनं ठरवलं की धान्य आणि बटाटे सोडून दुसऱ्या कशापासून बनवली तर लेबलवर ते लिहायचं. त्याआधी यावर देशादेशांत चांगलीच जुंपली होती. कच्च्या मालानं काहीच फरक पडत नसता तर एवढं भांडायला कोण बसलं असतं.

## कोळसा काय उचलतो आणि काय उचलत नाही

मक्याची ती बॅच आम्ही फेकली नाही, कोळशातून नेली. 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की लाकडी कोळसा द्रावणातला रंग ओढून घेतो. मग त्यानं तो धान्याच्या दारूवर वापरून पाहिला आणि तिचा उग्र वास कमी झाला. तेव्हापासून व्होडका आणि कोळशाचं नातं.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरमध्ये जी कार्बनची नळी असते, तेच तत्त्व. ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे इतक्या बारीक भोकांचा कोळसा की एका ग्रॅमच्या आतल्या भिंती पसरवल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास जागा होते. रेणू त्या भिंतींना चिकटतात. पण सगळे चिकटत नाहीत, आणि लोकांची गल्लत इथंच होते. ज्यांना पाणी आवडत नाही असे मोठे रेणू कोळशाकडे धावतात. जिओस्मिन, जड एस्टर, थोडं फ्युजेल. लहान आणि पाण्यात रमणारे रेणू तसेच निघून जातात. मिथेनॉल असंच निघून जातं. म्हणून कोणी म्हणालं की हातभट्टीची दारू कोळशातून गाळली की सेफ होते, तर त्याचं अजिबात ऐकू नका. वास सुधारेल, विष तिथंच राहील, आणि वास गेल्यामुळे ती जास्त धोक्याची होईल.

दुसरी गोष्ट, गाळायचं कधी. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलानं 96 टक्क्यांचा ईएनएच छोट्या कॉलममधून काढून पाहिला. ओला बारदाना तसाच. कारण तिथं सगळीकडे अल्कोहोलच आहे, जिओस्मिन त्यात खुशाल विरघळलेलं आहे, त्यानं कोळशाकडे का जावं. मग तेच पाण्यानं 43 टक्क्यांच्या आसपास आणलं, आणि आता पाण्यामुळे अस्वस्थ झालेलं जिओस्मिन कोळशाला जाऊन चिकटलं. पुन्हा तर्रीचाच नियम, पण यावेळी वर येण्याऐवजी भिंतीला. म्हणून व्होडका गाळतात ती पाणी मिसळल्यावर.

## जास्त गाळली तर बिघडते सुद्धा

भाऊजींनी लगेच विचारलं, “मग दहा वेळा गाळावी, झालं.”

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी पंप बिघडला आणि माल कोळशाच्या कॉलममध्ये सोमवारपर्यंत उभा राहिला. सोमवारी नळ उघडला तर बारदान्याचा वास गेलेला, पण त्याच्या जागी कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा, नाकाला टोचणारा वास. परमँगनेट लावलं तर गुलाबी रंग दहा-बारा मिनिटांतच उतरायला लागला. कोळसा फक्त चिकटवून घेत नाही, त्याच्या भिंतीवर रासायनिक क्रियाही होतात. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तिथं थोडं इथेनॉल ॲसिटाल्डिहाइड होतं. माल वेगानं वाहत असेल तर ते किरकोळ राहतं, उभा राहिला तर जमत जातं. आणि गंमत म्हणजे ॲसिटाल्डिहाइड लहान रेणू आहे, त्याला तोच कोळसा धरून ठेवत नाही. बनवतो पण ठेवत नाही.

रशियन पद्धतीत हा परिणाम थोडासा मुद्दाम होऊ देतात, त्यातून जी एक हलकी धार येते तीच त्यांना व्होडकाची खरी चव वाटते. म्हणजे गाळणं ही नुसती वजाबाकी नाही. कोणता कोळसा, किती ताजा, माल किती वेळ टेकला, यावर चव ठरते. ताजा कोळसा सुरुवातीला जास्तच ओढतो आणि व्होडका सपाट लागते, जुना झाला की भिंती भरतात, मग तो काही घेतही नाही. तेव्हा त्याला वाफ देऊन जागा करतात किंवा बदलतात. आमच्या घरच्या आरओची नळी आम्ही आठ महिने बदलली नव्हती, तेव्हा पाण्याला जो वास यायला लागला तो मला अजून आठवतो, तेच.

आता क्वार्ट्झमधून गाळली, चांदीतून गाळली, हिऱ्यातून गाळली, असं लेबलवर असतं. क्वार्ट्झची वाळू कण अडवते, तेवढं तिचं काम. हिऱ्याला कोळशासारखी भोकं नाहीत, तो रेणूंना धरणार कुठं. माझ्या मते ते पैसे लेबलचे आहेत. ‘पाचदा डिस्टिल्ड’ याचंही तेच. एकाच उंच कॉलममध्ये डझनावारी प्लेट असतात आणि प्रत्येक प्लेटवर एक छोटं डिस्टिलेशन होतं, त्यामुळे पाच हा आकडा कोण कसं मोजतो यावर आहे. त्यापेक्षा कोणत्या धान्याची आहे हे लिहिलं असेल तर ती माहिती कामाची.

## अर्ध्याहून जास्त तर पाणीच आहे

हे थोडक्यात सांगतो. 96 टक्क्यांच्या शंभर लिटर ईएनएमध्ये 96 लिटर अल्कोहोल, ते 42.8 वर आणायचं तर एकूण 224 लिटर होतं. म्हणजे बाटलीत जे आहे त्यात अर्ध्याहून जास्त पाणी. जड पाणी वापरलं तर त्यातलं कॅल्शियम अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाही, काही दिवसांनी तळाला पांढरे कण दिसतात किंवा धूसरपणा येतो. नागपूरच्या बाहेरच्या बोअरचं पाणी ज्यांनी गीझरमध्ये वापरलंय त्यांना तो पांढरा थर माहीत आहे. म्हणून आरओचं किंवा मऊ केलेलं पाणी. पण अगदी कोरं पाणी वापरलं की व्होडका जिभेवर पातळ आणि टोकदार लागते, म्हणून कोणी किंचित क्षार ठेवतात, कोणी चिमूटभर साखर. अमेरिकेच्या नियमात लिटरला दोन ग्रॅमपर्यंत साखर आणि एक ग्रॅमपर्यंत सायट्रिक ॲसिड चालतं आणि तरी ती साधी व्होडकाच राहते. म्हणून काही व्होडका ‘स्मूथ’ लागतात ते नेहमीच शुद्धतेमुळे नसतं.

## “व्होडकाचा वास येत नाही, पोलिसांना कळत नाही”

हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की लिहावंच लागतं. फ्युजेल आणि लाकडाचा वास नसल्यामुळे तोंडाला व्हिस्कीसारखा वास येत नाही हे खरं. पण पोलिसांचं मशीन वास मोजत नाही, श्वासातलं इथेनॉल मोजतं, आणि ते व्होडकात व्हिस्कीइतकंच आहे. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. त्या रात्री भाऊजींची गाडी आमच्याच अंगणात राहिली.

## मग गच्चीवर आम्ही काय केलं

भाऊजी पटकन पटवून घेणारे नाहीत. म्हणाले, “तुझं नाक ट्रेनिंग घेतलेलं, आमचं काय.” म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबमधली ट्रँगल टेस्ट लावली. दोन व्होडका आणल्या, दोन्ही 42.8 टक्क्यांच्या, एकीच्या लेबलवर धान्य लिहिलेलं, दुसरी मळीच्या स्पिरिटची. प्रत्येकाला तीन ग्लास, त्यातले दोन एकाच बाटलीचे, तिसरा वेगळा, आणि फक्त एवढंच सांगायचं की वेगळा कोणता. ‘चांगली कोणती’ असं विचारायचं नाही, तिथं लोक किंमत आठवायला लागतात. बायको आत स्वयंपाकघरात ग्लास भरत होती आणि खाली चिठ्ठी चिकटवत होती, मला स्वतःला पण माहीत नव्हतं.

चार जण होतो, सगळे पंचविशीच्या पुढचे, प्रत्येकी तीन फेऱ्या म्हणजे एकूण बारा उत्तरं. घोट नाही, ओठ ओले होतील एवढं, आणि मधे साधं पाणी आणि मुरमुरे. निव्वळ अंदाजानं बारापैकी चार बरोबर येतात, तीनातून एक. आठ किंवा जास्त आले तर समजायचं की अंदाज नाही, खरंच कळतंय, कारण नुसत्या नशिबानं आठ येण्याची शक्यता शंभरात दोनेक आहे.

पहिली पाळी फ्रीझरमधून काढलेल्या, काही न मिसळलेल्या व्होडकाची, लोक जशी पितात तशी. बारापैकी पाच बरोबर. म्हणजे काहीच कळलं नाही. थंडीत वासाचे रेणू उडत नाहीत आणि 42.8 टक्क्यांची आग बाकी सगळं झाकते. भाऊजी खूश झाले, “पाह्य, म्हटलं होतं ना.”

दुसरी पाळी तासाभरानं. व्होडका खोलीच्या तापमानाला, अर्धं पाणी घालून साधारण 21 टक्क्यांवर, ग्लासवर बशी झाकून ठेवलेली, आणि आधी नाक मग जीभ. लॅबमध्ये ओला बारदाना जसा पकडला होता त्याच पद्धतीनं. बारापैकी नऊ बरोबर. त्यातले तीनही भाऊजींचे.

चिठ्ठ्या उलटून पाहिल्यावर ते बराच वेळ मळीवाला ग्लास नाकाशी धरून बसले, मग म्हणाले, “हे गूळ उकळताना खाली लागतो ना, तसं काहीतरी आहे याच्यात. अन् काल रात्री हीच पेलो, तेव्हा काही नव्हतं.” काल रात्री ती बर्फ आणि लिंबू घालून घेतली होती.